रात्री सात मेगाहर्ट्झवर जवळचा मित्र कुठे हरवतो?

प्रश्न: दिवसभर ७.१ मेगाहर्ट्झवर ४०० किलोमीटरवरच्या मित्राशी छान बोलणं होतं. सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांत तो एकदम गायब होतो. त्याच वेळी हजार-दोन हजार किलोमीटरवरची स्टेशनं मात्र धडाधड येत असतात. १४ वर तर तो कधीच ऐकू येत नाही. माझ्याकडे १०० वॅट आहेत. लिनियर ॲम्प्लिफायर घ्यावा का? की कोणत्या वेळी कोणती फ्रीक्वेन्सी धरायची याचा काही ठोकताळा असतो?

उत्तर:

ॲम्प्लिफायर घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. १०० वॅट तुम्हाला पुरेसे आहेत. हजार वॅट लावलेत तर लांबचे लोक तुम्हाला आणखी जोरात ऐकतील आणि मित्राकडे तशीच शांतता राहील. मित्राचं एकदम जाणं आणि लांबच्यांचं त्याच सुमारास जोरात येणं, या दोन गोष्टी तुम्ही शेजारी शेजारी लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण निदान त्या जोडीतच आहे. अडचण सिग्नलच्या जोराची नाही, तो वर कोणत्या कोनात जातो याची आहे.

पुढे जे आकडे देतो ते एका उदाहरणाच्या दिवसाचे आहेत. तुमच्याकडे ते वेगळे येतील. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र कुठे आहे, ऋतू कोणता, तुम्ही विषुववृत्तापासून किती दूर, या सगळ्यांनी ते हलतात. दिवसाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी असाच असतो.

आधी सरळ डोक्यावर सोडलेल्या लहरीचा विचार करू. वर काही आरसा टांगलेला नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे मोकळे हिंडत असतात आणि लहर त्यांच्या गर्दीत शिरली की वाकायला लागते. गर्दी जितकी दाट तितकी ती जास्त वाकते, आणि फ्रीक्वेन्सी जितकी वरची तितकी कमी वाकते. त्यामुळे प्रत्येक क्षणी एक सीमा असते. तिच्या खालची फ्रीक्वेन्सी सरळ वर सोडली तरी परत येते, वरची भोक पडल्यासारखी अवकाशात निघून जाते. इलेक्ट्रॉनांच्या या गर्दीचे एकावर एक थर असतात; त्यांतल्या सगळ्यात वरच्या एफ२ थरासाठी या सीमेला foF2 म्हणतात. घनमीटरमध्ये एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ती ९ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. नातं वर्गमुळाचं आहे, म्हणजे गर्दी पाव झाली की सीमा निम्मी होते.

हे मोजतात कसं, ते एकदा बघण्यासारखं आहे. आयनोसोंड नावाचं यंत्र १ मेगाहर्ट्झपासून वर चढत चढत छोटे स्पंद सरळ आकाशात सोडतं आणि प्रत्येकाचा प्रतिध्वनी किती वेळाने आला ते टिपतं. त्या वेळेवरून उंची काढतात. कागदावर आडवी फ्रीक्वेन्सी आणि उभी उंची. रेषा डावीकडून येते, सुरुवातीला बरीचशी आडवी असते, मग हळूहळू वर वळते आणि एका ठिकाणी उभीच्या उभी चढून संपते. जिथे ती उभी झाली तिथली फ्रीक्वेन्सी म्हणजे foF2. त्याच्या पलीकडे कोरा कागद. हा आलेख मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा बँड 'बंद होणं' म्हणजे काय ते मला डोळ्यांनी कळलं: ती उभी रेषा संध्याकाळी डावीकडे सरकत येते, आणि ज्या मिनिटाला ती आपल्या फ्रीक्वेन्सीला ओलांडून जाते त्या मिनिटाला डोक्यावरचं छप्पर संपतं.

पण तुमचा मित्र डोक्यावर नाही, ४०० किलोमीटरवर आहे. त्याच्यापर्यंतची लहर तिरकी जाते, आणि तिरक्या लहरीला कमी वाकून भागतं. म्हणून तिला foF2 पेक्षा थोडी वरची फ्रीक्वेन्सीही चालते. किती वरची, ते असं काढतात:

```
MUF = foF2 × sec(i)
```

इथे i म्हणजे लहर थराला ज्या कोनात भिडते तो, उभ्या रेषेपासून मोजलेला. MUF म्हणजे त्या अंतरासाठी वापरता येईल अशी सगळ्यात वरची फ्रीक्वेन्सी. आपण तिला बोलताना एमयूएफच म्हणतो.

थर ३०० किलोमीटरवर धरू आणि तुमचं गणित करू. ४०० किलोमीटरचा अर्धा म्हणजे २०० किलोमीटर आडवं आणि ३०० किलोमीटर उभं. पृथ्वीचा गोलवा जमेस धरून i साधारण ३३ अंश येतो आणि sec(i) येतो १.२. म्हणजे तुमच्या जोडीसाठी एमयूएफ हा foF2 च्या फक्त १.२ पट. लहर तुमच्या ॲन्टेनावरून क्षितिजापासून ५५ अंशांवर निघते, जवळजवळ आकाशातच. हेच गणित १५०० किलोमीटरसाठी केलं तर लहर १८ अंशांवर निघते आणि गुणक २.४ होतो. ३००० किलोमीटरला ती जेमतेम ४ अंशांवर, क्षितिजाला घासून निघते आणि गुणक तीनच्या थोडा वर जातो.

हा १.२ तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. ७.१ ला १.२ ने भागा, ५.९ येतात. तुमच्या दोघांच्या मधल्या आकाशात foF2 जोवर ५.९ च्या वर आहे तोवर ७.१ वर मित्र आहे. खाली गेला की नाही.

आता रात्र घ्या. समजा मध्यरात्री foF2 ४ पर्यंत उतरला. दुपारी ९ होता असं धरलं तर इलेक्ट्रॉनांची गर्दी पाचव्या हिश्श्यावर आली. तुमच्यासाठी एमयूएफ ४.८ झाला, आणि ७.१ त्याच्या कितीतरी वर. ती लहर ५५ अंशांवर थरात शिरते आणि आरपार जाते. मात्र तीच ७.१ कमी कोनात गेली तर वाकते. हिशोब केला तर ९३० किलोमीटरच्या पलीकडे ती खाली उतरायला लागते. जमिनीला धरून जाणारी लहर या फ्रीक्वेन्सीला खुष्कीवर काही दहा किलोमीटरांत संपते. म्हणजे तुमच्याभोवती काही दहा किलोमीटरपासून ९३० किलोमीटरपर्यंत एक मुकं कडं तयार होतं, ज्याला आपण स्किप झोन म्हणतो. मित्र त्या कड्याच्या बरोबर मध्ये बसलाय. आणि १५०० किलोमीटरवरच्या माणसासाठी एमयूएफ आहे ४ गुणिले २.४, म्हणजे ९.६. त्याच्यासाठी ७.१ अगदी सुखाची फ्रीक्वेन्सी आहे.

१४ चं कोडंही याच हिशोबाने सुटतं. भर दुपारी foF2 ९ असतानाही १४.२ ची लहर ७५० किलोमीटरच्या आत उतरत नाही. १४.२ ला १.२ ने भागलं तर ११.८ येतात, तेवढा foF2 मिळाला तरच ४०० किलोमीटरवर बोलणं होईल. 'कधीच नाही' असं मात्र मी म्हणणार नाही. सौरचक्राच्या शिखरावर, विषुववृत्ताच्या जवळच्या भागांत, दुपारी foF2 बाराच्या वर गेलेला असतो. त्या वर्षांत १४ वर जवळची स्टेशनं ऐकून जुने लोकसुद्धा चमकतात.

इथवर वरची मर्यादा झाली. मग कायम खालचीच फ्रीक्वेन्सी का धरू नये, ३.६ वर बसलं की दिवसरात्र मित्र मिळेल, असं वाटेल. ते होत नाही, आणि त्याला कारण डी थर.

हे थर नुसते उंचीने नाही, स्वभावाने वेगळे आहेत. डी थर ६० ते ९० किलोमीटरवर. तिथे हवा अजून बरीच दाट आहे. लहर इलेक्ट्रॉनांना हलवते, पण हलता हलता ते हवेच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. हा थर आपल्या लहरी परत पाठवत नाही, गिळतो. लहर मित्राकडे जाताना वर चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा त्यातून जाते. दाट हवेमुळेच सूर्य गेला की तिथले इलेक्ट्रॉन पटकन परत चिकटतात आणि थर जवळजवळ पुसला जातो. ई थर १०० ते १२० किलोमीटरवर, तोही दिवसाचाच राजा. एफ थर २०० किलोमीटरच्या वर. दिवसा तो एफ१ आणि एफ२ असा दुभंगतो, रात्री एकच उरतो. तिथे हवा इतकी विरळ की इलेक्ट्रॉनला परत चिकटायला जोडीदार सापडायलाच वेळ लागतो, म्हणून एफ थर रात्रभर झिजत झिजत का होईना टिकतो. ए, बी, सी कुठे गेले असं नवीन लोक विचारतात. ॲपलटन यांनी परतलेल्या लहरीच्या विद्युत क्षेत्रासाठी ई हे अक्षर आधीच वापरलेलं होतं, तेच थराला लागलं, आणि पुढे वर-खाली काही सापडलं तर असावं म्हणून अलीकडची अक्षरं मोकळी राहिली. आयनांबरावरच्या या कामासाठी त्यांना १९४७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डी थराचं गिळणं फ्रीक्वेन्सी खाली गेली की झपाट्याने वाढतं, ढोबळमानाने वर्गाच्या प्रमाणात. समजा दुपारी ७.१ वर ६ डेसिबल गेले. म्हणजे १०० वॅटचे २५ वॅट असल्यासारखं. कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच वेळी ३.६ वर १८ ते २० डेसिबल जातात, म्हणजे तुमचे १०० वॅट एक-दीड वॅटचं काम करतात. बोलणं अशक्य होत नाही, पण मित्र कुजबुजल्यासारखा येतो. ही झाली खालची मर्यादा. ती एमयूएफसारखी आकाशाने एकट्याने ठरवलेली नसते. तुमची ताकद, ॲन्टेना, मित्राकडचा नॉइज या सगळ्यांनी ती वर-खाली होते. म्हणूनच ॲम्प्लिफायरचा उपयोग असला तर इथे आहे, वरच्या मर्यादेपाशी नाही.

नियम आता सोपा होतो. दिवसभर वरची मर्यादा एका वक्रावर चढते-उतरते, खालची दुसऱ्या, आणि आपण दोन्हींच्या मध्ये, शक्य तितकं वरच्या मर्यादेजवळ राहायचं. अगदी तिला चिकटून मात्र नाही. अंदाजाच्या तक्त्यात छापलेला एमयूएफ हा महिन्याचा मध्यक असतो, म्हणजे महिन्यातल्या निम्म्या दिवशी खरा आकडा त्याच्या खाली असतो. म्हणून त्याच्या ८५ टक्के घ्यायचे. तेवढ्यावर साधारण दहातल्या नऊ दिवशी मार्ग उघडा मिळतो.

उदाहरणाचा दिवस पहाटेपासून चालून पाहू.

सूर्योदयाआधीचा शेवटचा तास हा चोवीस तासांतला सगळ्यात पातळ. रात्रभर झिजून foF2 समजा ३ वर आलाय. तुमच्यासाठी एमयूएफ ३.६. म्हणजे ३.६ वर मित्र काठावर आहे, आज मिळेल, उद्या नाही मिळणार. सौर किमान काळात याच वेळी ३.५ चा सगळा बँडही तुमच्यासाठी लांब पल्ल्याचा होतो आणि ४०० किलोमीटरला १.८ वर उतरावं लागतं. मग एक सुंदर गोष्ट घडते. ३०० किलोमीटर उंचीवर सूर्य जमिनीच्या आधीच उगवतो; विषुववृत्ताच्या जवळपास ही आघाडी तासाभराहून थोडी जास्त असते. तुमच्या खिडकीबाहेर अजून अंधार असतो आणि एफ थरात पुन्हा भरती सुरू झालेली असते, तर खाली डी थर अजून जागा झालेला नसतो. छप्पर आलंय आणि गिळणारा अजून नाही. या वेळी ३.६ वर मित्र जो स्वच्छ येतो तसा दिवसभरात परत येत नाही.

सूर्योदयानंतर foF2 भराभर चढतो. तुमचा ५.९ चा उंबरठा साधारण एक-दोन तासांत ओलांडला जातो आणि ७.१ उघडतो. दुसरीकडे डी थर ३.६ ला खायला लागतो. म्हणून बदल करायचा तो याच सुमारास. दुपारी foF2 ९, एमयूएफ १०.८, त्याच्या ८५ टक्के ९.२, हातातल्या बँडांपैकी ७ सगळ्यात योग्य. १०.१ हा बँड एमयूएफच्या खाली दिसतो, पण ८५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे काही दिवशी मिळेल, भरवशाचा नाही. एफ२ चा कळस बहुधा बाराला नसतो, दुपार कलल्यावर येतो, कारण वरचा साठा भरायला वेळ लागतो. डी थर मात्र सूर्याच्या उंचीला लगेच हो म्हणतो, त्याचा कळस माध्यान्हीलाच. म्हणून दुपारी तीन-चारला ७ मेगाहर्ट्झ बाराच्या मानाने मोकळा वाटतो.

सूर्यास्ताला foF2 ७.५ धरू. एमयूएफ ९, ७.१ अजून आरामात. त्यानंतर दोन तासांनी ५.५, एमयूएफ ६.६. तुम्ही उंबरठ्याच्या खाली आलात, मित्र गेला. तुमच्या वर्णनाशी हे इतकं जुळतं की तुमच्याकडचा संध्याकाळचा आकडा याच्या जवळपास असणार. इथून पुढे रात्री ३.५ ते ३.८. तुमच्या परवान्यात ५.३५ चा छोटा बँड असेल तर तो याच मधल्या फटीसाठी बनवल्यासारखा आहे: त्याचा उंबरठा ४.५, म्हणजे ७ बंद झाल्यावरही तो आणखी काही तास चालतो आणि ३.६ पेक्षा नॉइज कमी.

तक्ते आणि संकेतस्थळं सोडून कानाने हे कसं ओळखायचं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिग्नल खाली जातो तेव्हा दोन आजार असू शकतात आणि त्यांची औषधं नेमकी उलटी आहेत.

पहिला आजार, एमयूएफ खाली आला. मित्राचा आवाज आधी चांगला असतो, कधी कधी जाण्याच्या थोडं आधी एस मीटर चक्क वर चढतो. कारण त्या काठावर थोड्या वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या लहरी एकाच जागी जमतात. मग त्या एकमेकींना छेद द्यायला लागतात: आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा, खोल हेलकावे बसतात, आणि काही मिनिटांत तो संपतो. मागचा नॉइज तसाच असतो, किंवा वाढलेला असतो. लांबचे जोरात असतात. औषध: लगेच खाली उतरा.

दुसरा आजार, डी थराने गिळलं. इथे घाई नसते. नऊ-दहा वाजल्यापासून सिग्नल हळूहळू पातळ होत जातो, पोकळपणा नाही, हेलकावे कमी, आणि त्याच्याबरोबर लांबून येणारा नॉइजही उतरतो. बँड झोपल्यासारखा वाटतो आणि लांबचे लोक जवळच्यांच्या आधी जातात, कारण त्यांची लहर डी थरातून जास्त तिरकी, जास्त लांब वाट कापते. औषध: वर चढा. फ्रीक्वेन्सी तीच ठेवायची असेल तर ताकद वाढवा.

संध्याकाळी हेलकावे सुरू झाल्यावर बरेच जण पॉवर वाढवतात, ट्यूनर चाळतात, मित्राला पुन्हा पुन्हा हाक मारतात. ती पाच मिनिटं फार मोलाची असतात. त्या पाच मिनिटांत 'तीन पूर्णांक सहावर ये' एवढं सांगून झालं पाहिजे.

ॲन्टेनाचं एकच सांगतो. तुमची लहर ५५ अंशांवर जायची आहे, त्यामुळे उंच मनोरा इथे पुण्याचं काम नाही. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल दहा मीटर किंवा त्याहून थोडा खाली असला तरी आकाशाकडे चांगला फेकतो. तोच वीस मीटरवर नेला तर तो कमी कोनांकडे झुकतो आणि ५५ अंशांवर कळसापेक्षा साधारण चार डेसिबल कमी देतो. उभी व्हर्टिकल ॲन्टेना डोक्यावर जवळजवळ काहीच देत नाही. ती असेल तर दिवसासुद्धा मित्र अशक्त येईल आणि तुम्ही दोष उगाच आकाशाला द्याल.

आता हा हिशोब कधी मोडतो ते. उन्हाळ्यात ई थराच्या उंचीवर इलेक्ट्रॉनांचे पातळ, दाट पापुद्रे अचानक तयार होतात. तशा दिवशी १४ वर मित्र येऊन अर्ध्या तासाने निघून जाईल. तो अपवाद आहे, त्यावरून वेळापत्रक बदलू नका. सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं, ते ढवळणं मोजणारा Kp हा आकडा पाचच्या वर गेला, की पुढचा एक-दोन दिवस foF2 नेहमीच्या मानाने बराच खाली राहू शकतो, विशेषतः मधल्या आणि वरच्या अक्षांशांवर. अशा दिवशी ७ दुपारीसुद्धा डळमळतो. वेळापत्रक एक पायरी खाली सरकवायचं.

तिसरी गोष्ट माझ्यावर गुदरलेली आहे. भर दुपारी ७ वर बोलणं चालू असताना समोरचा आवाज मिनिटा-दोन मिनिटांत बुडाला. नुसता तो नाही, सगळा बँड, मागची खरखरही. रिसीव्हर बहिरा झाल्यासारखा. मी कोॲक्स तुटला समजून वर गेलो, कनेक्टर उघडला, साफ केला, परत बसवला. खाली येऊन पाहतो तो थोड्या वेळात सिग्नल परत यायला लागले, आणि कनेक्टरनेच घात केला असं मी वहीत लिहून ठेवलं. दोन दिवसांनी उपग्रहाने नोंदवलेला सौर क्ष-किरणांचा आलेख पाहिला, तर त्याच वेळेला मोठी ज्वाला होती. क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि उजेडाच्या बाजूच्या सगळ्या डी थराला एका झटक्यात दाट करतात. वहीतली ती चुकीची नोंद मी खोडली नाही, तिच्याखाली खरी लिहिली. ओळखायची खूण अशी: एसडब्ल्यूआर पाहा, तो बदललेला नसेल तर कोॲक्सला हात लावू नका, मग २१ किंवा २८ वर जाऊन ऐका. ज्वालेत खालचे बँड आधी जातात आणि शेवटी परततात, वरचे कमी बुडतात आणि लवकर वर येतात. केबल तुटली असेल तर ती असा भेद करत नाही. दहा मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत थांबावं लागतं. रात्री मात्र असं होणार नाही, कारण ज्वाला फक्त उजेडाच्या बाजूला पोचते.

खरे आकडे बघायचे असतील तर GIRO या जाळ्यात जगभरच्या आयनोसोंडांचे ताजे आलेख खुले असतात. तुमच्या दोघांच्या मध्याजवळचं केंद्र शोधा, तुमच्या घराजवळचं नाही. लहर वाकते ती मध्यावर, म्हणून तिथला foF2 आणि तिथली वेळ मोजायची. ४०० किलोमीटरला फरक नगण्य, पण ३००० किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम मार्गावर मध्यावर सूर्य मावळलेला असतो आणि तुमच्याकडे अजून ऊन असतं. केंद्र काहीशे किलोमीटर बाजूला असलं तरी चालतं. फक्त विषुववृत्ताच्या जवळ सावध राहा, कारण तिथे उत्तर-दक्षिण थोडं सरकलं तरी foF2 बराच बदलतो. महिनाभराच्या आखणीसाठी VOACAP हा अंदाज काढणारा प्रोग्रॅम ठीक आहे, पण आज रात्री काय होणार ते आयनोग्रामच सांगतो.

तर मित्राशी असं ठरवून घ्या. सूर्योदयानंतर दोन तासांपासून सूर्यास्तापर्यंत ७.१. सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाला दोघांनी एकमेकांचा एस मीटर आणि हेलकावे वहीत टिपायचे, आणि त्या वेळचा foF2 शेजारी लिहायचा. आवाज पोकळ झाला की न विचारता दोघांनी ३.६ वर जायचं, तिथे दहा मिनिटं ऐकायचं, नाहीच मिळाला तर तासाच्या ठोक्याला परत तिथेच. दोन आठवड्यांत तुमचा स्वतःचा उंबरठा निघेल. माझ्या हिशोबात तो ५.९ आहे, थर २५० किलोमीटरवर असेल तर ५.६ च्या आसपास येईल, ३५० वर असेल तर सहाच्या थोडा वर. तो आकडा इथे लिहा, म्हणजे तुमच्याकडचा थर त्या संध्याकाळी किती उंचीवर होता ते आपण उलटा हिशोब करून काढू.